पत्रावर कोणाची सकाळ लिहायची

दर रविवारी मी आमच्या कुटुंबाला एक ईमेल पाठवते. घरातल्या बातम्या, कोणाचं बारसं, कोणाचं ऑपरेशन, आईच्या वहीतली एखादी पाककृती, असं काहीबाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर सुरू केलेला हा उद्योग. आता एकेचाळीस जणांना जातो. निम्मे इंदूर, देवास आणि पुण्यात. बाकीचे दुबई, लंडन, न्यू जर्सी, सॅन होजे आणि सिडनी इथे पांगलेले. पत्र सकाळी सातला जायचं आणि त्याची सुरुवात ठरलेली असायची: ‘सगळ्यांना शुभ सकाळ!’ हे दोन शब्द सुधारायला मला जवळजवळ आठ महिने लागले, त्याची ही हकिकत.

२०२५ साली पाडवा रविवारी आला, ३० मार्चला. मी गुढी उभारायच्या आधीच पत्र धाडलं: ‘शुभ सकाळ! आज पाडवा, कडुनिंब खाल्ला का?’ पहिलं उत्तर न्यू जर्सीच्या पुतण्याचं. ‘काकू, इथे शनिवारचे रात्रीचे साडेनऊ वाजलेत. आत्ताच पिझ्झा खाल्ला, कडुनिंब उद्या.’ सिडनीहून मावसबहिणीने लिहिलं की तिकडे दुपारचे साडेबारा वाजलेत, पुरणाचं ताट वाढून झालंय. हे सगळं गमतीतच चाललं होतं. पण लंडनच्या भाचीचा फोन आला तो वैतागलेला. तिच्या मोबाईलवर ईमेल आला की टिंग वाजतं. त्या टिंगने चार महिन्यांचं बाळ उठलं. तिने घड्याळात पाहिलं तर अडीच. ‘मावशी, मला तर दीड वाजायला हवा होता असं वाटत होतं,’ म्हणाली. तिचं बरोबरच होतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये रात्री एकला घड्याळ एकदम दोनवर जातं, आणि माझं पत्र पोचलं ते त्याच्या बरोबर अर्ध्या तासाने. झोपेतला एक तास सरकारने नेला, उरलेली मी.

फोन शांत ठेवायला हवा होता, हे तिनेही कबूल केलं. पण मला टोचलं ते वेगळंच. अपरात्री बाळाला थोपटणाऱ्या मुलीला मी ‘शुभ सकाळ’ म्हणत होते. शुभेच्छा द्यायची आणि समोरच्याची वेळही माहीत नाही, याला काय म्हणावं?

पहिला उपाय सोपा वाटला: सगळ्याच वेळा लिहून टाकायच्या. पुढच्या रविवारी लिहिलं, ‘जिथे जी वेळ असेल त्याप्रमाणे शुभ सकाळ, शुभ दुपार, शुभ संध्याकाळ, शुभ रात्री.’ वाचून मलाच ते एखाद्या विमानातली सूचना चालू असल्यासारखं वाटलं. आणि आपल्या भाषेत ही चौकडी जमतच नाही. ‘शुभ दुपार’ कोणी कोणाला म्हणतं का हो? इंदुरात दुपारी कोणी दारात आलं तर आपण ‘या, जेवलात का?’ विचारतो. ‘शुभ रात्री’ तर निरोपाचा शब्द, बोलणं संपल्यावर म्हणायचा. पत्राच्या सुरुवातीलाच तो घातला की वाचणाऱ्याला वाटतं, बाई पहिल्याच ओळीत निघाल्या. सकाळ आणि संध्याकाळ तेवढ्या शुभेच्छेत बसतात. म्हणजे चोवीस तासांतला बराचसा वेळ आपल्याकडे शब्दच नाही.

मग माझ्यातली जुनी कारकून जागी झाली. वाचणाऱ्यांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला त्याच्या सकाळी आठ वाजता पत्र मिळावं असं ठरवलं. ईमेल आधी लिहून ठेवून नंतर जाईल अशी सोय असते, पण वेळ मात्र मी माझ्या घड्याळाप्रमाणे लावत होते. त्यामुळे उलटा हिशोब करावा लागे. आपली वेळ वर्षभर एकच, जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. उन्हाळ्यात लंडन आपल्यामागे साडेचार तास, म्हणून तिकडच्या आठसाठी इथले साडेबारा. न्यू जर्सी साडेनऊ तास मागे, म्हणून संध्याकाळचे साडेपाच. सॅन होजेसाठी रात्रीचे साडेआठ. सिडनी पुढे असल्यामुळे त्यांच्यासाठी पहाटेचे साडेतीन. दुबई दीड तासच मागे, ती आपली साडेनऊला. हे सगळं मी फ्रिजवर चिकटवलं. ह्यांनी त्याला ‘रेल्वेचं टाइमटेबल’ नाव ठेवलं.

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत ते ठीक चाललं. मला भीती होती ती घड्याळं फिरण्याची. सिडनीची ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनची शेवटच्या रविवारी मागे येतात आणि अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. तिघांचे तीन मुहूर्त. पण शुभेच्छेपुरतं बघितलं तर त्याने काही बिघडलं नाही. टाइमटेबल बदलायला विसरले तरी आठऐवजी सातला किंवा नऊला पत्र जातं, आणि सात काय, नऊ काय, सकाळच ती. एक तास इकडेतिकडे झाला तरी सकाळ सांभाळून घेते. (ऑनलाइन वाढदिवसाचं आमंत्रण सांभाळून घेत नाही. २ नोव्हेंबरला इंदूरच्या साडेसातचा कार्यक्रम न्यू जर्सीला सकाळी दहाला, असं मी कळवलं. घड्याळं त्याच पहाटे मागे गेली होती, म्हणजे तिकडे नऊ. पुतण्या आला तेव्हा केक कापून तासभर झाला होता.)

टाइमटेबल मोडलं ते दिवाळीत. लंडनची भाची बाळाला घेऊन आमच्याकडे आली होती. रविवारी दुपारी ती माझ्याच टेबलावर वरण-भात कालवत बसली होती. साडेबारा वाजले, तिचा फोन वाजला, आणि ती मोठ्याने वाचू लागली, ‘लंडनच्या मंडळींना शुभ सकाळ...’ बाळासकट सगळे हसले. माझा गट लंडनचा होता. माणूस मात्र इंदूरच्या रामबागेत जेवत होतं.

त्या दिवशी सुचलं की पत्र पोचतं कधी आणि वाचलं जातं कधी, हे एकदा बघावं. ईमेल कधी उघडला हे मला कळत नाही, पण उत्तर कधी लिहिलं ते कळतं. जीमेलमध्ये उत्तराच्या मेनूत ‘Show original’ दाबलं की पत्राचा कच्चा मजकूर दिसतो आणि त्यात बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या घड्याळाची वेळ असते. सॅन होजेच्या चुलत दिराची ओळ अशी होती:

```
Date: Sun, 26 Oct 2025 21:10:00 -0700
```

शेवटचा आकडा म्हणजे त्यांचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या सात तास मागे. म्हणजे त्यांनी रविवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी लिहिलं, तेव्हा माझ्याकडे सोमवारचे सकाळचे नऊ चाळीस. मी त्यांना सकाळी आठला नेमानं शुभ सकाळ पोचवत होते आणि ते जेवणं आटोपून, पाय वर घेऊन रात्री वाचत होते. त्या पत्राला आलेली सगळी उत्तरं अशी उघडून बघितली. अकरांपैकी चार सकाळची निघाली, आणि त्यातली दोन मंगळवार सकाळची.

म्हणजे चूक देशांच्या वेळेत नव्हतीच. शेजारच्या गल्लीतला माणूसही माझी सकाळ रात्री वाचू शकतो. समोरासमोर किंवा फोनवर ‘शुभ सकाळ’ म्हणताना दोघांची वेळ एकाच क्षणी भेटते. पत्रात लिहिण्याची वेळ एक, वाचण्याची दुसरी, आणि दुसरी मला कळूच शकत नाही. सहा गटांच्या सहा प्रती करताना एकीत दुरुस्ती आणि पाचांत जुनीच चूक, हा त्रास होता तो वेगळा.

वडिलांची पत्रं ट्रंकेत आहेत. दिवाळीनंतर आवराआवरीत त्यातलं एक निळं आंतर्देशीय हाताला लागलं, पुण्याच्या काकांना लिहायला घेतलेलं आणि का कोण जाणे, टाकायचंच राहिलेलं. वर उजव्या कोपऱ्यात: ‘मु. पो. इंदूर, रात्रौ ९, वीज नाही.’ खाली ‘ती. स्व. दादांस सा. न. वि. वि.’ आणि अगदी शेवटी, कागद संपत आल्यावर कडेने आडवं: ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. लोभ असावा.’ पत्र पोचायला तीन-चार दिवस लागायचे, पूर्ण घर एकच कागद वाचायचं, म्हणून शुभेच्छेत वेळ नव्हतीच. होतं ते नातं. वाचणाऱ्यांत भेद करायचा तो वयाचा, घड्याळाचा नाही. आणि वेळ होती ती कोपऱ्यात, लिहिणाऱ्याची, ‘माझ्याकडे आत्ता असं आहे’ एवढंच सांगणारी. विजेविना रात्री नऊला लिहीत बसलेले बाबा मला त्या कोपऱ्यावरून दिसले.

मी फ्रिजवरचं टाइमटेबल काढलं. गट मोडले. पत्र पुन्हा एकच, मात्र रविवारी दुपारी साडेबाराला, म्हणजे लंडनला निदान सकाळ झालेली असते. अमेरिकेत ती रात्रच, पण तिकडचे फोन रात्री मुके असतात, विचारून घेतलं. सुरुवात अशी:

‘इंदूर, रविवार, सकाळचे ७. पोहे झाकून ठेवलेत, हे जिलेबी आणायला गेलेत. सर्वांस सप्रेम नमस्कार.’

सात ही माझी लिहिण्याची वेळ, साडेबाराशी तिचा संबंध नाही, आणि ते कोणाला खटकलंही नाही. मजकुरातले ‘आज’, ‘उद्या’, ‘आज संध्याकाळी’ हे शब्दही काढले. तिथे वार आणि तारीख घालते. कार्यक्रम असला की ‘इंदूरचे साडेसात’ असं गावाचं नाव लावते. आयएसटी लिहीत नाही, कारण तीच तीन अक्षरं आयर्लंड आणि इस्रायलही आपल्या वेळेला वापरतात. एकट्यादुकट्याला फोनवर निरोप टाकताना मात्र ‘शुभ सकाळ’ अजून चालू आहे. संध्याकाळी साडेसहाला न्यू जर्सीच्या पुतण्याचं हिरवं टिंब दिसलं की त्याची सकाळ चालू असते हे मला ठाऊक असतं, आणि तो तिथल्या तिथे उत्तर देतो.

उत्तरांनाही आता कोपरे फुटलेत. ‘सिडनी, सोमवार, रात्रीचे दहा, भांडी तशीच पडलीत.’ ‘दुबई, गाडीत, सिग्नलला.’ (त्याला रागावले.)

तक्रार एकच आली, रामबागेतल्या मामांची. वय सत्त्याऐंशी, नात पत्र छापून देते. नमस्कार वाचून त्यांनी फोन केला. ‘अगं, शुभ सकाळ का बंद केलंस? मला ते आवडायचं.’ आता रविवारी सात वाजता पत्र लिहायला बसण्याआधी मी त्यांना फोन लावते. तिकडे आधी खोकला ऐकू येतो, मग चहाची बशी ठेवल्याचा आवाज, मग मी म्हणते, ‘शुभ सकाळ, मामा.’