60 ची उडी आणि 144 चा पडदा

«दादा, तुम्ही म्हणता गेमचं फिजिक्स सेकंदाला 60 वेळाच चालतं, मग माझ्या 144 च्या मॉनिटरवर तो पोरगा एवढा स्मूथ कसा पळतो? आणि डेल्टा टाइमने गुणलं की झालं ना, एवढा खटाटोप कशाला?»

तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो, कारण डेल्टा टाइमने, म्हणजे मागच्या फ्रेमला लागलेल्या वेळाने, गुणून मी पण एक वर्ष काढलंय.

माझा गेम उत्तरायणचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा आहे, आपल्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्यासारख्या जुन्या घरांच्या अगाश्या, आणि एक पोरगा कटलेल्या पतंगामागे या अगाशीवरून त्या अगाशीवर उड्या मारत जातो. एका ठिकाणी मी मुद्दाम 1.95 मीटरचा कठडा ठेवला होता, तो उडीत पार होऊ नये, शिडी शोधून जावं लागावं म्हणून. माझ्या 60 हर्ट्झच्या लॅपटॉपवर कधीच पार झाला नाही. मग जानेवारीत आतेभाऊ आला, त्याच्याकडे 144 चा लॅपटॉप, आणि त्याने पहिल्याच उडीत तो कठडा पार केला! मला वाटलं कोलिजनमध्ये भोक आहे, दोन रात्री तेच शोधत बसलो.

भोक नव्हतं, हिशोबच तसा होता. उडीचा वेग 10 मीटर प्रति सेकंद, गुरुत्वाकर्षण 25 (गेममध्ये 9.8 ठेवलं तर उडी फुग्यासारखी वाटते), म्हणजे कागदावर उंची बरोबर 2 मीटर. पण कोड काय करतो, दर फ्रेमला आधी वेग कमी करतो आणि मग तोच वेग त्या अख्ख्या फ्रेमभर तसाच होता असं धरून पोराला वर सरकवतो. खरं तर वेग फ्रेमच्या मध्येसुद्धा कमी होतच असतो, म्हणून दर पावलाला थोडी चूक होते, आणि पाऊल जेवढं मोठं तेवढी चूक मोठी. 60 ला उडी जाते 1.917 मीटर, 144 ला 1.965, आणि एखाद्याचा लॅपटॉप 30 वर रखडला तर 1.833. माझा कठडा नेमका पहिल्या दोन आकड्यांच्या मध्ये उभा होता. डेल्टा टाइमने गुणल्यामुळे पोरगा सगळीकडे साधारण त्याच वेगाने धावतो हे खरं, पण उडी प्रत्येक स्क्रीनवर वेगळी. नुसत्या उडीसाठी अचूक सूत्र लिहून सुटता येतं, पण माझ्याकडे मांजा आहे, तो स्प्रिंगसारखा ताणतो, त्याला असं सोपं सूत्र नाही, आणि पाऊल मोठं झालं की तो थरथरायला लागतो आणि मग पतंग आभाळाबाहेर फेकला जातो.

म्हणून पाऊल एकच ठेवायचं, 1/60 सेकंद, कोणताही स्क्रीन असो; खालच्या कोडमध्ये तेच `dt`. फ्रेमला लागलेला वेळ एका गल्ल्यात, कोडमधल्या `acc` मध्ये, टाकत जायचा, गल्ल्यात एका पावलापुरता वेळ जमला की फिजिक्सचं एक पाऊल टाकायचं, उरलेली चिल्लर तशीच ठेवायची.

```
acc += min(frameTime, 0.25)
while (acc >= dt) {
    prev = curr
    curr = step(curr, dt)
    acc -= dt
}
alpha = acc / dt
draw(prev * (1 - alpha) + curr * alpha)
```

आता उडी सगळीकडे 1.917, कठडा सगळीकडे अडवतो. पण फक्त `curr`, म्हणजे शेवटच्या पावलानंतरची जागा, स्क्रीनवर दाखवली तर 144 वर काय दिसतं ते मी पाहिलंय, पोरगा झटके देत पळतो. 144 ला 60 ने भागलं की 2.4 येतात, म्हणजे एक जागा कधी दोन फ्रेम दिसते, कधी तीन, आणि ते तीन-दोन-दोन डोळ्याला लगेच खुपतं. तुमचा स्मूथपणा येतो तो शेवटच्या दोन ओळींतून.

आकडे घालून बघा. पोरगा सेकंदाला 600 पिक्सेल धावतो, म्हणजे एका पावलाला 10. एक पाऊल 16.67 मिलिसेकंदाचं, तुमची फ्रेम 6.94 ची. समजा `prev` 100 वर, `curr` 110 वर आणि गल्ला रिकामा. पहिल्या फ्रेमला गल्ल्यात 6.94, अल्फा 0.42, पोरगा दिसतो 104.17 वर. दुसऱ्या फ्रेमला 108.33. तिसऱ्या फ्रेमला गल्ला 20.83 होतो, एक पाऊल पडतं, उरतात 4.17, आता `prev` 110 आणि `curr` 120, अल्फा 0.25, पोरगा 112.5 वर. पुढे 116.67. दर फ्रेमला बरोबर 4.17 पिक्सेल, मध्ये पाऊल पडलं की नाही ते कळतच नाही!

याची किंमत आहे, ती लपवत नाही. आपण `prev` आणि `curr` च्या मधलं चित्र दाखवतोय, यालाच इंटरपोलेशन म्हणतात, म्हणजे जे दिसतं ते खऱ्या वेळेच्या एक पाऊल, साधारण 17 मिलिसेकंद, मागे असतं. पळापळीच्या गेमला मला हे चालतं. पण माउसने नजर फिरवायची असेल तर ती नजर यातून वगळा आणि थेट फ्रेमला फिरवा, नाहीतर हात जड झाल्यासारखं वाटतं.

बरेच जण म्हणतात माझा स्क्रीन 60 चा, फिजिक्स 60 चं, मला इंटरपोलेशन नको. हवं. बरेच 60 चे स्क्रीन खरं तर 59.94 वर चालतात आणि फ्रेमचा मोजलेला वेळसुद्धा थोडा मागेपुढे होतो. गल्ला एका पावलाच्या काठावर आला की एका फ्रेमला शून्य पावलं पडतात, पुढच्या फ्रेमला दोन, आणि अधूनमधून चालणारा हा धक्का शोधून सापडत नाही कारण सरासरी एकदम बरोबर असते.

तो 0.25 पण काढू नका. गेम कुठे अडकला आणि गल्ल्यात दोन सेकंद साचले तर 120 पावलं एकदम टाकावी लागतात, त्यात आणखी वेळ जातो, गल्ला आणखी भरतो आणि गेम परत वर येतच नाही. मर्यादा घातली की गेम थोडा वेळ हळू होतो, पण जिवंत राहतो.

चुका मात्र इंटरपोलेशनमध्येच जास्त होतात आणि 60 ला त्या दिसत नाहीत, म्हणून टेस्ट करताना मी फिजिक्स सेकंदाला 10 वेळांवर आणतो. उडीची उंची बदलते, ती सोडून द्या, फक्त हालचाल बघा, ती तरीही सलग दिसायला हवी. माझ्याकडे पहिल्यांदा केलं तेव्हा पोरगा स्क्रीनच्या मधोमध थरथरत होता, कारण कॅमेरा `curr` च्या मागे जात होता आणि पोरगा मधल्या जागी काढला जात होता, कॅमेऱ्यालाही तीच मधली जागा दिली आणि थांबलं. दुसरं, पोरगा पडून परत पहिल्या अगाशीवर आला की एक क्षण अख्ख्या वस्तीवरून घसरत येताना दिसायचा, कारण `prev` अजून खाली गल्लीत होतं. कुठेही एकदम उचलून ठेवताना `prev` आणि `curr` दोन्ही नव्या जागी ठेवायचे. आणि उडीचं बटण, ते फ्रेममध्ये वाचून लक्षात ठेवायचं आणि पुढच्या पावलाने एकदाच वापरून पुसायचं. 144 वर बारातल्या सात फ्रेमना पाऊलच पडत नाही, त्या फ्रेममध्ये दाबलेलं बटण माझ्याकडे सरळ हरवत होतं आणि आतेभाऊ म्हणत होता की कीबोर्ड खराब झालाय.