खोकल्यामागचा ‘न्हाई’

निपाणीच्या तंबाखू आंदोलनावरच्या एका लहान माहितीपटाचं संकलन गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आलं. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर बसले होते, शरद जोशी नेतृत्व करत होते आणि एप्रिलमध्ये गोळीबार झाला. त्या रस्त्यावर बसलेल्या चार म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती ताईंनी, म्हणजे दिग्दर्शिकेनं, घेतल्या होत्या. एकूण पाच तास दहा मिनिटांचं फुटेज, आणि त्यातून बावीस मिनिटांची फिल्म काढायची.

पूर्वी मी असलं काम टाइमलाइनवर मागंपुढं सरकवतच करायचो. एक वाक्य शोधायला वीस मिनिटं, आणि सापडलं की ते आधीच ऐकलं होतं असं लक्षात यायचं. या वेळी आधी Whisper या बोलणं लिहून काढणाऱ्या प्रोग्रामकडून सगळ्या आवाजाचा मजकूर करून घेतला. बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या खोलीत लाईट दोनदा गेली, तेवढं सोडलं तर मशीन रात्रभर चालू होतं.

```
ffmpeg -i aappa.mov -vn -ac 1 -ar 16000 aappa.wav
whisper aappa.wav --model large-v3 --language mr --word_timestamps True --output_format srt
```

भाषा `mr` अशी मुद्दाम सांगावी लागते. नाहीतर हा प्रोग्राम पहिल्या तीस सेकंदांवरून भाषा ओळखतो, आणि आपल्याकडं पहिली तीस सेकंदं म्हणजे “कूतकोळ्ळ्री, चहा घ्या, माइक लागला काय” असा कन्नड-मराठी कालवा असतो. सकाळी चार SRT फायली, म्हणजे प्रत्येक ओळीला वेळ लावलेला मजकूर, तयार होत्या. त्या सबटायटल म्हणून क्लिपखाली आणल्या की ओळीवर क्लिक केलं तरी प्लेहेड थेट त्या जागी जातो. त्याशिवाय मी मजकुराचे कागदही काढले आणि रंगीत पेन्सिल घेऊन बसलो. दुपारपर्यंत चाळीस-पन्नास ओळींवर खुणा झाल्या. ‘वखार’ हा शब्द चारी मुलाखतींत शोधायला तर मिनिटही लागलं नाही. काही ठिकाणी तो ‘बखार’ झाला होता, म्हणून तेही शोधलं. टाइमलाइनवर हेच काम म्हणजे दोन दिवस गेले असते.

चार जणांत आप्पा सगळ्यात वयस्कर. पंचाऐंशीच्या आसपासचे, विडी सोडून बरीच वर्षं झाली असली तरी छाती अजून विडीचीच. गोळीबाराच्या दिवसाबद्दल ताईंनी त्यांना विचारलं होतं, आणि मजकुरात उत्तर असं होतं:

```
412
00:41:15,120 --> 00:41:18,240
गोळीचा आवाज आला तेव्हा मी पळालो

413
00:41:20,900 --> 00:41:23,460
तिथंच बसून राहिलो बघा
```

मी 412 वर लाल खूण केली. भीती कबूल करणारा म्हातारा, किती सच्चं वाक्य! 413 मला पुढच्या विषयाची सुरुवात वाटली. पळून कुठंतरी जाऊन बसले असतील, असं मनातच धरून चाललो. ओळीच्या वेळेवर कट मारला, मागं रिकाम्या हमरस्त्याचा शॉट लावला आणि पुढं गेलो. कागदावर वाचून ठरवलेलं असलं की हात फार भराभर चालतात.

संध्याकाळी पहिला जोड पाहताना त्या कटवर डोळा अडकला. ‘पळालो’ संपल्यावर शेवटच्या पाच-सहा फ्रेममध्ये आप्पांची मान डावीकडं वळायला लागते. मी फ्रेम-फ्रेम पुढं गेलो. वळते, आणि लगेच रस्ता दिसतो. माणूस होकार देताना मान अशी वळवत नाही.

मूळ क्लिप काढून कट उघडला आणि ऐकलं. आप्पा म्हणतात, “गोळीचा आवाज आला तवा मी पळालो…” मग खोकल्याची उबळ, जवळजवळ दीड सेकंद. मग मान हलवत, श्वास सांभाळत, “…न्हाई.” आणि पुढं “तिथंच बसून ऱ्हायलो बघा.”

आपल्या मराठीची गंमत म्हणा की फसवणूक, नकार क्रियापदाच्याही मागं, अगदी शेपटाला येतो. वाक्य तोवर उलट बाजूनं उभं असतं. मशीननं खोकला शब्द नाही म्हणून गाळला आणि त्याला चिकटून आलेला, श्वासात बुडालेला ‘न्हाई’ त्याच्याबरोबर गेला. 412 ची वेळ ‘पळालो’पाशी संपली आणि मी ती खरी धरली. ‘तवा’चं ‘तेव्हा’ आणि ‘ऱ्हायलो’चं ‘राहिलो’ तर त्यानं आधीच करून टाकलं होतं. ओळ इतकी स्वच्छ, छापील दिसत होती की संशयच आला नाही.

मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी ही फिल्म आप्पांच्याच गावात दाखवायची होती. चाळीस वर्षं “मी हललो न्हाई” म्हणत आलेल्या माणसाला मी त्याच्याच तोंडून पळवला असता.

त्या रात्री मी प्रत्येक निवडलेली ओळ पुन्हा तपासली, पण सगळं ऐकत बसलो नाही. SRT मध्ये एक ओळ संपते आणि दुसरी सुरू होते त्यातलं अंतर पाहत गेलो. 412 संपते 18,240 ला आणि 413 सुरू होते 20,900 ला, म्हणजे अडीच सेकंदांहून जास्त शांतता. मग खाली वेव्हफॉर्म पाहायचा. तिथं रेघ सपाट असेल तर माणूस खरंच गप्प होता. उंचवटे असतील तर काहीतरी बोललं गेलंय आणि मजकुरात नाहीये. आप्पांच्या जागी दोन उंचवटे होते, खोकल्याचा रुंद आणि त्याच्यामागं एक बारका. बारका म्हणजे तो ‘न्हाई’.

असल्या अकरा जागा निघाल्या. नऊंत नुसतं हुंकार, खुर्ची, बाहेरची बस. दहावे आप्पा. अकरावी जागा मात्र उलट्या जातीची होती. चौथ्या मुलाखतीत आजी आणि शेजारीण कन्नडमध्ये बोलायला लागतात, आणि तिथं मजकुरात एकच मराठी वाक्य ओळीमागून ओळ छापलेलं होतं. अंतर नाही, मोकळी जागा नाही, पण खोटं. कन्नड ऐकून मशीननं मराठीतलं काहीतरी जुळवलं होतं आणि तेच घोकत बसलं होतं. एकच ओळ लागोपाठ दिसली की थांबायचं, हे मी तिथं शिकलो. `--condition_on_previous_text False` दिल्यावर घोकणं थांबलं, पण कन्नड काही आलं नाही. शेवटी हुक्केरीच्या माझ्या सहायकानं ते ऐकून हातानं लिहिलं. आजी म्हणत होत्या की पोलीस आले तेव्हा वखारीचं दार बायकांनी आतून लावलं. फिल्मची सुरुवात आता त्याच वाक्यानं होते.

आता निवडलेल्या प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना बारा-बारा फ्रेम जादा ठेवतो. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या हिशेबानं जवळजवळ अर्धा सेकंद. त्यात श्वास येतो, आणि गाळलेलं काही असेल तर त्याची चाहूल लागते. आप्पांच्या वेळी अर्ध्या सेकंदात ‘न्हाई’ आला नसता, हेही खरं. खोकल्याची सुरुवात तरी ऐकू आली असती.

सकाळी ताईंना फोन केला.

“ताई, आप्पांचा शॉट अडीच-तीन सेकंदांनी लांबलाय.”

“अहो, खोकला तेवढा काढा की मधला. लोक हसतील.”

“काढता येईल, पण मग ‘पळालो’ आणि ‘न्हाई’ यांच्यामध्ये चेहऱ्याची उडी दिसेल. जोडून लावल्यासारखं वाटेल.”

ताई थोडा वेळ बोलल्या नाहीत.

“राहू दे मग,” त्या म्हणाल्या. “सबटायटलमध्ये ‘न्हाई’च लिहा. ‘नाही’ करू नका.”