बदलायचं तेवढंच बदलून

करारांच्या भाषांतराचं काम मी बरीच वर्षं करते. त्या दिवशी माझ्याकडे एक उपकंत्राट तपासायला आलं होतं. इंग्रजी मजकुरात एकच ओळ होती: मूळ कराराचं कलम 12 या कराराला 'म्युटाटिस म्युटँडिस' लागू राहील. आधीच्या भाषांतरकाराने मराठीत लिहिलं होतं, 'जसेच्या तसे लागू राहील'. ते वाचून मी थांबलेच, कारण अर्थ नेमका उलटा झाला होता.

लॅटिनमध्ये या शब्दांचा अर्थ 'जे बदलायला हवं ते बदलून' असा आहे. 'म्युटाटिस' म्हणजे बदलल्यावर आणि 'म्युटँडिस' म्हणजे बदलणं भाग असलेलं. मराठी कायद्यात याला 'आवश्यक त्या फेरफारांसह' म्हणतात आणि त्यातल्या 'आवश्यक' शब्दावरच सगळा भार असतो. फेरफार करायचे, पण आवश्यक तेवढेच.

कलम 12 मुदतवाढीचं होतं. त्यात दोन वाक्यं होती. काम लांबणार असेल तर अडचण उद्भवल्यापासून 30 दिवसांत कंत्राटदाराने ग्राहकाला लेखी कळवावं. आणि ग्राहकाने जागा ताब्यात द्यायला उशीर केला, तर तेवढी मुदत कंत्राटदाराला वाढवून मिळेल. हे 'जसेच्या तसे' लागू केलं तर उपकंत्राटदार नोटीस कोणाला देणार? ग्राहकाला? त्याच्याशी तर उपकंत्राटदाराचा करारच नाही.

मी ओळ दुरुस्त करून पाठवली. तासाभरात कंत्राटदाराच्या कचेरीतल्या गृहस्थांचा फोन आला. "मॅडम, पुढे वाद नको. फेरफार करून कलम पूर्णच लिहून टाकलंय, फक्त नजर टाका." त्यांनी आधी सगळीकडे 'कंत्राटदार'च्या जागी 'उपकंत्राटदार' घातलं होतं आणि मग सगळीकडे 'ग्राहक'च्या जागी 'कंत्राटदार'. शिवाय काम लहान म्हणून 30 दिवसांचे 20 केले होते.

पहिलं वाक्य बरोबर आलं होतं: उपकंत्राटदाराने कंत्राटदाराला कळवावं. दुसऱ्या वाक्यात मात्र 'कंत्राटदाराने जागा ताब्यात द्यायला उशीर केला तर' असं झालं होतं. जागा तर ग्राहकाची होती आणि ताबाही तोच देणार होता. या शब्दांप्रमाणे ग्राहकाने दोन महिने उशीर केला, तरी उपकंत्राटदाराला एक दिवसही वाढवून मागता आला नसता. शब्द एकच, पण पहिल्या वाक्यात 'ग्राहक' म्हणजे करारातला समोरचा पक्ष होता आणि दुसऱ्यात जागेचा मालक. पहिला बदलायला हवा होता, दुसरा नाही.

20 दिवसांवर आमचं जास्त बोलणं झालं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. उपकंत्राटदाराने तिसाव्या दिवशी कळवलं, तर कंत्राटदाराला त्याच दिवशी ग्राहकाला नोटीस द्यावी लागेल. मी म्हटलं, "साहेब, मुदत कमी करणं शहाणपणाचं आहे. पण 30 आकडा तसाच ठेवला तर कलम चालतं का? चालतं. मग तो बदल या शब्दांत बसत नाही. तुम्हाला हवा असेल तर दोघांनी ठरवून वेगळा लिहा."

मी वाचताना नेहमी हीच कसोटी लावते. हा बदल न करता वाक्य नव्या जागी अर्थहीन होत असेल, तर तो आवश्यक. नुसतं सोयीचं होत असेल, तर नाही.

त्यांना पटावं म्हणून मी 1982 च्या समुद्र कायद्यावरील संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं उदाहरण दिलं. त्यातलं कलम 60 अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे ज्या समुद्रातल्या संपत्तीवर किनारी देशाचा हक्क असतो तिथल्या, कृत्रिम बेटांबद्दल आणि बांधकामांबद्दल आहे. कलम 80 एका वाक्यात सांगतं की कलम 60 खंडीय मंचावरच्या, म्हणजे किनाऱ्यापासून पुढे पसरलेल्या समुद्रतळावरच्या, बांधकामांनाही 'म्युटाटिस म्युटँडिस' लागू आहे. तिथे क्षेत्राचं नाव बदलून वाचायचं. पण बांधकामाभोवतीचा सुरक्षा पट्टा साधारणपणे 500 मीटरपेक्षा जास्त नसावा, ही मर्यादा तशीच राहते. समुद्र वेगळा म्हणून ती 600 होत नाही.

गणिताच्या शोधनिबंधात हे शब्द आले की मी आणखी सावध होते, कारण तिथे बदल करून पाहण्याचं काम लेखक वाचकावर सोपवतो. 'कमाल किमतीची सिद्धता किमान किमतीलाही आवश्यक त्या फेरफारांसह लागू' असं असेल, तर मी कागदावर असमानतेची चिन्हं उलटवत एकेक पायरी उतरते. एखादी पायरी अडली, की लेखकाने तिथे घाई केली असं समजते.

संध्याकाळी अंतिम मसुदा गेला. 'मूळ कराराचे कलम 12 आवश्यक त्या फेरफारांसह या करारास लागू राहील. मात्र जागेच्या ताब्यासंबंधी "ग्राहक" हा शब्द तसाच वाचावा आणि नोटिशीची मुदत 30 ऐवजी 20 दिवस राहील.' उपकंत्राटदाराने 20 दिवस वाचून आधी कुरकुर केली. ताब्याचं वाक्य वाचल्यावर सही केली.