गल्ली तिरकी निघाली: घराजवळचा कच्चा नकाशा काढताना

लेकीला नाताळच्या सुट्टीत घराभोवतालचा कच्चा नकाशा काढून आणायला सांगितलं होतं. उत्तरेचा बाण, सूची आणि अंदाजे प्रमाण, तिन्ही हवं. बडोद्याच्या दांडिया बाजारात लग्न होऊन आले त्याला वीस वर्षं झाली, म्हणून मी म्हटलं, तासाभराचं काम आहे. चार दिवस लागले.

पहिली अडचण लांबीची. रस्त्यावर टेप धरून कोण फिरणार? म्हणून पावलं मोजायची ठरवली. पण पाऊल म्हणजे किती, हे आधी कळायला हवं. गवंड्याकडून टेप आणून वाड्यासमोर ३० मीटरवर खडूच्या दोन खुणा केल्या आणि नेहमीच्या चालीने तीनदा चालले. ४६, ४८ आणि ४७ पावलं भरली. सरासरी ४७, म्हणजे एक पाऊल ६४ सेंटीमीटरचं. मोजतोय म्हटल्यावर आपण नकळत ढांगा टाकतो, त्यामुळे एकदाच चालून भागत नाही.

मग घराला वळसा घालणारे चार रस्ते मोजले. समोरचा रस्ता २८१ पावलं, म्हणजे १८० मीटर. पुढची गल्ली १४१, म्हणजे ९०. मागचा रस्ता २२२, म्हणजे १४२. परत घराकडे आणणारी अरुंद गल्ली, जिला इथे पोळ म्हणतात, ती १५३, म्हणजे ९८ मीटर. १ सेंटीमीटरला २० मीटर धरले की हे चार रस्ते वहीच्या पानावर आरामात बसतात आणि बाजूला सूचीलाही जागा उरते.

कागदावर ९ सेंटीमीटर, काटकोनात साडेचार, पुन्हा काटकोनात ७.१, शेवटी ४.९, असं काढत गेलो आणि पेन्सिल घराशी पोचलीच नाही. जवळजवळ दोन सेंटीमीटर लांब राहिली, म्हणजे जमिनीवर चाळीस मीटर! लेक म्हणाली, "आई, तू पावलं चुकलीस." पुन्हा मोजली. पाच-सात पावलांचा फरक पडला, साठ पावलांचा नाही.

सासरे झोपाळ्यावरून सगळं ऐकत होते. म्हणाले, "अगं, पोळ सरळ आहे हे तुला कोणी सांगितलं?"

मी फोनमधलं होकायंत्र उघडून पोळीच्या तोंडाशी उभी राहिले. आकडा विचित्र आला. दोन पावलं सरकले तर दुसराच. शेजारी दुकानाचं लोखंडी शटर होतं आणि स्कूटर लावलेली होती. लोखंडाजवळ होकायंत्र भरवशाचं राहत नाही. पोळीच्या मध्यावर, मोकळ्या जागी गेले तेव्हा ३३६ अंशांवर स्थिर झालं. उत्तर म्हणजे ३६०. पोळ उत्तरेपासून २४ अंश पश्चिमेला झुकलेली! जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या मांडवीपासून चार दरवाजे चार दिशांना आहेत, त्यामुळे बडोद्यात रस्ते काटकोनातच भेटतात असं माझ्या डोक्यात बसलं होतं. कोनमापकाने २४ अंश वळवून ४.९ सेंटीमीटर काढले आणि रेघ घरापाशी आली. एखादा मिलिमीटर चुकला, तो तसाच ठेवला. अंदाजे प्रमाण म्हणतात ते यालाच.

पण त्या शटरनंतर फोनवरचा विश्वास उडाला होता, म्हणून गच्चीवर जाऊन उत्तर पडताळली. सरळ काठी ओळंब्याने उभी केली आणि सावली सर्वांत आखूड होण्याची वाट पाहिली. त्या क्षणी ती नेमकी उत्तरेकडे पडते. मात्र ते बाराला होत नाही. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली, बडोदं ७३.२ वर. अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३७ मिनिटं उशीर. डिसेंबरच्या शेवटी इथे माध्यान्ह १२:४० च्या सुमारास होते. समोरचा रस्ता सावलीशी काटकोनात निघाला, म्हणजे पूर्व-पश्चिम. (जूनमध्ये हे करू नका. सूर्य इथे डोक्यावर येतो आणि सावली पायाशीच उरते.)

सूचीत लेकीला सतरा चिन्हं हवी होती. शेवटी सहा ठेवली: देऊळ, दवाखाना, पिठाची गिरणी, ट्रान्सफॉर्मर, लिंब आणि आमचं घर. जे नकाशात नाही ते सूचीत नाही आणि जे नकाशात आहे ते सूचीत हवंच, एवढाच नियम पाळला. पार्क केलेल्या गाड्या आणि भाजीची हातगाडी मात्र गाळली. संध्याकाळी ती तिथे नसते.

प्रमाण मी "१ सेंमी = २० मी" असं शब्दांत लिहिलं होतं. लेकीच्या मैत्रिणीसाठी झेरॉक्स काढायला गेले तेव्हा दुकानदाराने नकाशा ७० टक्के करून दिला आणि तेच वाक्य त्या प्रतीवर खोटं ठरलं. घरी येऊन मूळ कागदावर ५ सेंटीमीटरची रेघ काढून तिच्या टोकांना ० आणि १०० मीटर लिहिलं, वाक्य खोडलं आणि परत झेरॉक्सला गेले. नव्या प्रतीवर रेघ साडेतीन सेंटीमीटरची झाली होती, पण पोळही तेवढीच आखडली होती. त्या रेघेवर लावून पाहिली तर अजूनही शंभराला जराशी कमीच भरली.