‘आम्ही’, ‘मी’ आणि गावचं घर

मंगळवार, रात्री

सासूबाईंचा फोन होता. हा गॅलरीत उभं राहून त्यांना सांगत होता, “आम्ही आलो की कौलांचं बघतो.” त्या ‘आम्ही’त मी आहे असं मी नेहमीप्रमाणे धरून चालले. फोन ठेवून आत आला आणि मला म्हणाला, “आम्ही यंदा गणपतीला जरा लवकर जाणार आहोत, मी आणि दादा. तुझं सुट्टीचं कळव, तिकिटं काढायला लागतील.”

दोन महिने आधी, सकाळी आठला बुकिंग उघडतं आणि कोकणातल्या गाड्या बघता बघता भरतात. त्यामुळे घाई बरोबरच होती. पण मला उद्देशून ‘आम्ही’? ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत येतो, ‘आम्ही’ म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर राहतो. हे कुणी शिकवावं लागत नाही, पोटच्या पोरालाही तिसऱ्या वर्षी कळतं. मी “कळवते” म्हटलं आणि कुकर लावला.

गुरुवार

मैत्रिणीला सांगितलं तर तिने एक लेख पाठवला. जोडीदार ‘आपण’ म्हणायचा थांबला की समजून जा, असं त्यात ठोकून दिलेलं होतं. असल्या वाक्यांचा मला राग येतो. म्हणून लेखात ज्या संशोधनाचा हवाला होता ते वाचत बसले, आणि चित्र बरंच गुंतागुंतीचं निघालं.

2009 साली अमेरिकेत 154 मध्यमवयीन आणि वयस्कर जोडप्यांना त्यांच्यातल्या एका वादाच्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला बसवलं होतं. ज्यांच्या बोलण्यात ‘वी’, ‘अवर’ जास्त आलं, त्यांचं वागणं एकमेकांशी गोडीचं होतं आणि शरीरावरचा ताणही कमी दिसला. ‘आय’ आणि ‘यू’ जास्त करणारी जोडपी लग्नात कमी सुखी होती. इथवर मैत्रिणीचा लेख बरोबर. पण त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने तरुण जोडप्यांचं चॅटवरचं रोजचं बोलणं तपासलं, तर तिथे ‘वी’चा नातं टिकण्याशी काही संबंध सापडला नाही. म्हणजे भांडतानाचं ‘आपण’ आणि “दूध आणू का” या पातळीवरचं ‘आपण’ यांचं वजन सारखं नसावं.

सगळ्यात गंमत 2021 च्या अभ्यासाची. ज्यांचं नातं तुटलं अशा साधारण 6,800 लोकांच्या रेडिटवरच्या पोस्ट तपासल्या. भाषा बदलायला लागली होती ती तुटण्याच्या तीनेक महिने आधीपासून, नात्याशी संबंध नसलेल्या पोस्टमध्येसुद्धा. पण ‘वी’ कमी झालं नव्हतं, वाढलं होतं! ‘आय’ही वाढलं होतं. मला यात आश्चर्य वाटलं नाही. तिऱ्हाइताला आपली कहाणी सांगताना माणूस काय म्हणणार? आम्ही भेटलो, आम्ही ठरवलं, आमचं बिनसलं. हे सगळं मराठीत ‘आम्ही’ झालं असतं. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हींना एकच शब्द, म्हणून मोजणीत ते एकत्र पडतं.

शनिवार, दुपारी

हा बाहेर गेलाय. आमचंच जुनं चॅट वाचत बसलेय. चोरून नाही, माझ्याच फोनवर आहे.

‘आपण’ शोधून काही हाती लागत नाही, हे पाच मिनिटांत कळलं. एक तर आपल्याकडे कर्ता क्रियापदात लपतो. “शनिवारी जाऊया”, “पडदे घेऊन टाकू” यात ‘आपण’ कुठेच लिहिलेलं नाही, पण आहे. दुसरं म्हणजे हा लालबागचा. “आपण असल्या भानगडीत पडत नाही” म्हणतो तेव्हा त्या ‘आपण’मध्ये तो एकटाच असतो. मग शब्द सोडून क्रियापदं बघत गेले, आणि कुठल्या विषयावर कुठलं रूप येतं ते.

रोजच्या गोष्टींत काही बदललेलं नाही. रविवारी माझ्या आईकडे जाऊ, गॅस संपत आलाय, सांगून ठेवू. तिथे आम्ही दोघं शाबूत आहोत.

घराच्या कर्जाचं मात्र वेगळं. गेल्या वर्षी हाच लिहायचा, “बोनस आला की थोडं मुद्दल फेडून टाकू, मुदत कमी करून घेऊ.” या वर्षी मी त्याबद्दल काहीही विचारलं की “बघू”. रूप बघाल तर त्यातही दोघं बसतात, पण बघत कुणीच नाही. आणि हे फक्त ‘आमच्या’ बेतांचं नाही. त्याला स्वतःसाठी नवी सायकल घ्यायची होती, तीही वाक्यांमधून गेली. पैशाचा विषय आला की त्याच्या बोलण्यातला भविष्यकाळच आटलाय.

गावच्या घराचं नेमकं उलटं. तिथे भविष्यकाळ ओसंडून वाहतोय, पण सगळा एकवचनी. मी कौलंच ठेवणार, पत्रा नाही. वासे बदलून घेईन. मागच्या बाजूला कलमं लावीन. सुताराचं नाव ठरलंय, लाकूड कुठून आणायचं तेही.

या दोन्हीला ‘आपण कमी झालं’ असं एकच लेबल लावता येईल, पण ते चुकीचं होईल. माणूस कुठल्याच उद्याबद्दल बोलत नाही, स्वतःच्यासुद्धा, तेव्हा त्याला कसली तरी काळजी लागलेली असते किंवा तो थकलेला असतो. त्यात मला वगळलंय असं नाही. पण उद्या जिथल्या तिथे राहून नुसता ‘मी’च्या नावावर होतो, तारखांसकट, दरांसकट, तिथे बेत खरोखरच एका माणसाचा झालेला असतो.

रविवार, रात्री उशिरा

“तू हल्ली आपण म्हणत नाहीस” असं विचारायचं नाही, हे पक्कं ठरवलं होतं. उद्यापासून प्रत्येक वाक्यात ‘आपण’ घालून बोलेल आणि मला ते ऐकवणार नाही. कौलांचाच विषय काढला. खर्च किती, कधी सुरू करणार, हे त्याने खुशीत सांगितलं. मग विचारलं, “आणि तिथे राहणार कोण?”

थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, “मे महिन्यात तूच म्हणालीस ना, गावी चार दिवसांच्या वर राहणार नाही? मग मी आपण कशाच्या जोरावर म्हणू? तुझ्या वतीने बोललो असतो तर तेही आवडलं नसतं.”

हे खरं आहे. म्हणाले होते, आणि आजही तेच म्हणते. मे महिन्यात विहीर तळाला जाते, जवळ धड दवाखाना नाही, आणि माझी नोकरी ठाण्यात आहे. त्याचा ‘मी’ मला बोचला, पण तो खोटा ‘आपण’ म्हणत राहिला असता तर मी जास्त चिडले असते. आमचा हा एक बेत सामायिक राहिलेला नाही. त्याची भाषा ते माझ्याआधी मान्य करून मोकळी झाली, एवढंच.

कर्जाचं विचारलं तेव्हा मात्र बराच वेळ काढला त्याने. ऑफिसात दिवाळीनंतर दोन विभाग एक करणार आहेत आणि त्याची जागा राहील की नाही हे कुणी सांगत नाहीये. हे त्याला पावसाळ्याच्या आधीपासून माहीत आहे. “तुला उगाच घोर कशाला,” म्हणाला. यावर मात्र मी भांडले, चांगलं आवाज चढवून. हप्ता दोघांच्या पगारातून जातो. त्याची नोकरी जाणार असेल तर ते ‘बघू’ एकट्याने बघायचं नाही.

झोपायच्या आधी त्याने स्वतःहून कागद घेतला. एका पगारात किती महिने निघतील ते मांडायला बसलो. कौलांचा आकडा त्यात धरायचा की नाही यावर एकमत झालेलं नाही. तो म्हणतो हा पाऊस गेला की छप्पर थांबणार नाही. मी म्हणते मार्चपर्यंत थांबू, वर तात्पुरतं प्लास्टिक टाकून घे. उद्या दादाला विचारून सांगतो म्हणालाय.