डब्याचे छिद्र आणि चेतापेशीचा उंबरठा

सदाशिव पेठेतल्या आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत, मी नववीत असताना, जीवशास्त्राच्या सरांनी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला होता. त्याच्या तळाला खिळ्याने छिद्र पाडलेले होते आणि आत वरच्या बाजूला लाल रंगाची रेघ ओढलेली होती. सरांनी मला कपाने सावकाश पाणी ओतायला सांगितले. वीस कप ओतूनही पाणी रेघेपर्यंत चढले नाही. मग तेच कप भराभर ओतताच ते रेघेवर गेले. शेवटी तिघांनी तीन कप एकदम ओतले, तेव्हाही रेघ पार झाली.

आज चेतापेशींच्या विद्युत नोंदी घेताना मला तो डबा आठवतो. विश्रांतीत पेशीच्या आतील विभव सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो आणि ज्या पातळीला पोहोचताच पेशी उद्दीपित होते तो उंबरठा, म्हणजे डब्यातली लाल रेघ, साधारण उणे ५५ वर असतो, म्हणजे चढायचे असतात १५ मिलिव्होल्ट. एका चेतासंधीवरून, म्हणजे दुसरी चेतापेशी जिथे जोडलेली असते त्या जागेवरून, आलेला संदेश विभव ५ मिलिव्होल्टने वाढवतो असे धरू. प्रत्यक्षात तो बहुधा याहून बराच लहान असतो. ही वाढ पटलातून गळत जाते आणि १० मिलिसेकंदांत सुमारे ३७ टक्के उरते. तीन चेतासंधींचे संदेश एकाच क्षणी आले, तर ५ अधिक ५ अधिक ५ होऊन पेशी उद्दीपित होते. ही स्थानिक बेरीज झाली. एकाच चेतासंधीवरून दर २ मिलिसेकंदांनी संदेश आले, तर शिखरे ५, ९.१, १२.४ आणि १५.२ अशी चढतात आणि चौथ्या संदेशाला उंबरठा ओलांडला जातो. ही कालिक बेरीज झाली. मात्र संदेश दर ५ मिलिसेकंदांनी आले, तर विभव १२.७ च्या जवळ जाऊन थबकतो आणि हजार संदेश येऊनही पेशी गप्पच राहते. वीस कपांचे मर्म मला येथे समजले: संख्येपेक्षा दोन संदेशांमधले अंतर आणि गळतीचा वेग यांचे नाते निर्णायक असते.

डब्यात पाणी कुठेही ओतले तरी पातळी सारखीच चढते, पेशीचे मात्र तसे नाही. उंबरठ्याचा निकाल अक्षतंतूच्या आरंभी लागतो, कारण तेथे सोडिअमचे मार्ग दाट असतात. दूरच्या वृक्षिकेवरून निघालेली वाढ तेथे पोहोचेपर्यंत पुष्कळ ओसरते. शिवाय एकाच फांदीवरच्या शेजारच्या दोन चेतासंधी एकदम उद्दीपित झाल्या, तर विभव आधीच चढलेला असल्याने दुसरीचा प्रवाह घटतो आणि बेरीज दहाऐवजी थोडी कमी भरते.

तास संपता संपता सरांनी तळाला आणखी एक छिद्र पाडले होते. आता भराभर ओतलेले कपही रेघेखालीच राहू लागले. पेशीला उद्दीपित होण्यापासून रोखणारी अवरोधक चेतासंधी पेशीकायेजवळ उघडली की असेच होते, आणि त्यासाठी तिने विभव खाली खेचलाच पाहिजे असे नाही, गळती वाढवली तरी पुरते.