तिसरी ओळ

गुंतवणुकीचा सल्ला घ्यायला येणाऱ्या प्रत्येकासमोर मी अनेक वर्षं एकच कागद ठेवत आले. त्यावर दोन ओळी. पहिली: वयाच्या ३० व्या वर्षापासून दरमहा १०,००० रुपये, ६० व्या वर्षापर्यंत. दुसरी: तेच १०,०००, पण सुरुवात ३५ व्या वर्षी. महिन्याला १ टक्का वाढ धरली, तर पहिल्या ओळीच्या शेवटी सुमारे ३ कोटी ४९ लाख जमतात आणि दुसरीच्या शेवटी १ कोटी ८८ लाख. दोघांनी खिशातून घातलेल्या रकमेत फरक फक्त ६ लाखांचा, ३६ लाख आणि ३० लाख. हातात येणाऱ्या रकमेत मात्र जवळपास १ कोटी ६२ लाखांचा. हा आकडा पाहून माणसं गप्प व्हायची आणि मला वाटायचं, काम झालं.

त्या दिवशी आलेलं जोडपं गप्प झालं नाही.

नवऱ्याचं वय ३०. हिशेबाचा माणूस, हे त्याच्या पहिल्याच प्रश्नावरून कळलं: "मॅडम, महिन्याला १ टक्का म्हणजे वर्षाला १२ नाही ना होत?" बरोबर होतं त्याचं. व्याजावर व्याज चढतं, त्यामुळे वर्षाचे १२.६८ टक्के होतात. सोयीसाठी बहुतेक जण वर्षाचे १२ टक्के बारानं भागून असाच हिशेब करतात, पण तो थोडा फुगलेला असतो, हे मी त्याला सांगितलं. मग त्यानं त्याचा बेत मांडला. वाहनाच्या कर्जाचा हप्ता चालू आहे, मूल लहान आहे, महिनाअखेर फारसं काही उरत नाही. पाच वर्षांनी कर्ज फिटेल, तोवर पगारही वाढलेला असेल. तेव्हा थेट २०,००० नं सुरुवात करायची.

यावर माझं ठरलेलं उत्तर असायचं. पाच वर्षं उशीर करून पहिल्या ओळीतल्या माणसाला गाठायचं, तर दरमहा १०,००० च्या जागी किती घालावे लागतील? सुमारे १८,६००. म्हणजे २५ वर्षांत जवळजवळ ५६ लाख घालायचे आणि पोहोचायचं तिथंच, जिथं दुसरा ३६ लाखांत पोहोचला. मी हा आकडा त्याच्यापुढे सरकवला.

त्यानं क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "मग झालंच की. १८,६०० लागतात आणि मी २०,००० घालणार आहे. मी त्याच्या पुढेच जाणार."

मी लॅपटॉपवर स्प्रेडशीटमध्ये तपासलं. २०,००० रुपये, ३०० महिने:

```
=FV(12%/12,300,-20000)
```

३ कोटी ७६ लाख. ३ कोटी ४९ लाखांपेक्षा जास्त. त्याचं म्हणणं आकड्यानिशी खरं होतं, आणि ज्या आकड्यावर मी इतकी वर्षं लोकांना पटवत आले होते तोच आता त्याच्या बाजूनं बोलत होता. मला त्याला उडवून लावायचं नव्हतं. पाच वर्षांत उत्पन्न दुप्पट होणारी माणसं असतात आणि ती ठरवल्याप्रमाणे पैसे घालतातही. अशा माणसाला "उशीर केलास तर गाठता येणार नाही" असं सांगणं चुकीचंच आहे. त्याला गाठता येतं.

तेवढ्यात त्याची बायको, जी तोवर शांतपणे कागद पाहत होती, तिनं विचारलं, "पण ताई, २०,००० तर आपण पाच वर्षांनी घालणारच आहोत ना? मग आत्ता थोडे घातले, तर ते नंतरचे कमी होणार आहेत का?"

मी दोन ओळींखाली तिसरी ओळ लिहायला घेतली.

इतके दिवस मी दोन वेगळ्या माणसांची तुलना करत होते. लवकर थोडं घालणारा एक, उशिरा घालणारा दुसरा. पण समोर बसलेला माणूस एकच असतो. ३५ व्या वर्षापासून तो काय घालणार, ते ३०-३५ मध्ये त्यानं काय घातलं यावर अवलंबून नसतं. मग उशिराची किंमत म्हणजे नेमकं काय? पहिल्या पाच वर्षांतले हप्ते शेवटी जेवढे होतात तेवढी. नंतर १०,००० घाला, २०,००० घाला नाहीतर ५०,००० घाला, त्या किमतीत एका रुपयाचा फरक पडत नाही. नंतरचे मोठे हप्ते ती खाच झाकतात, बुजवत नाहीत. दरमहा १०,००० नं ती खाच १ कोटी ६२ लाखांची. तेव्हा त्यानं ३ कोटी ७६ लाख जमवले तरी, आत्ताचेही घातले असते तर सुमारे ५ कोटी ३७ लाख झाले असते.

तो म्हणाला, "पण मॅडम, पाच वर्षांच्या ६ लाखांचे दीड कोटीच्या वर कसे होतील?" हा प्रश्न मला फार आवडतो, कारण विश्वास न बसणंच इथं बरोबर आहे. मी त्याच्यासमोर तीन टप्प्यांत मांडलं. पहिल्या पाच वर्षांच्या शेवटी ६ लाखांचे ८ लाख १७ हजार झालेले असतात. डोळ्यांत भरण्यासारखं काही नाही. त्यानंतर एक पैसाही न घालता ही रक्कम पुढची २० वर्षं तशीच राहू दिली, तर ती सुमारे ८९ लाख होते. आणि शेवटच्या पाच वर्षांत त्या ८९ लाखांचे १ कोटी ६२ लाख होतात. म्हणजे जवळपास ७३ लाख एकट्या शेवटच्या पाच वर्षांत आले.

माणूस उशीर करताना सुरुवातीची पाच वर्षं सोडतो असं त्याला वाटतं. ती वर्षं वाढीच्या दृष्टीनं किरकोळच असतात, म्हणून ती सोडायला जड जात नाही. प्रत्यक्षात निवृत्तीची तारीख हलत नाही, त्यामुळे कापली जातात ती शेवटची पाच वर्षं. रक्कम सगळ्यात मोठी झालेली असते आणि तीच टक्केवारी सगळ्यात जास्त रुपये देत असते, नेमकी तीच. माझ्या कागदाची दुसरी ओळ ही खरं तर पहिलीच ओळ आहे, २५ वर्षांनंतर थांबवलेली.

तो बराच वेळ त्या तीन टप्प्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे, पण १०,००० आत्ता नाहीच आहेत माझ्याकडे."

हे खरं होतं. त्याच्या बायकोनं पर्समधून खर्चाची छोटी वही काढली. आम्ही तिघांनी मिळून गेल्या चार महिन्यांची पानं पाहिली. एका महिन्यात ६,००० उरले होते, एका महिन्यात काहीच नाही. धक्का न लागता दरमहा निघू शकतील असे ३,००० सापडले. मी आधी दोन गोष्टी विचारल्या. अडीअडचणीसाठी वेगळा पैसा आहे का? चार महिन्यांच्या खर्चाएवढा होता. कर्जाचा दर किती? साडेनऊ टक्के. तो दर १५ टक्क्यांच्या पुढे असता, किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असती, तर मी गुंतवणूक थांबवून आधी ते फेडायला सांगितलं असतं. कर्ज लवकर फेडण्यातून वाचणारं व्याज खात्रीचं असतं, बाजाराची वाढ खात्रीची नसते. साडेनऊला हा हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. अशा वेळी कर्ज फिटल्यावर मोकळा होणारा हप्ता खरंच गुंतवला जाईल का, एवढाच प्रश्न उरतो. बायको त्याच्याकडे पाहून हसली, त्यावरून मला उत्तर मिळालं.

मग तिसरी ओळ पुरी केली. दरमहा ३,०००, पाच वर्षं. एकूण १ लाख ८० हजार. पाच वर्षांच्या शेवटी २ लाख ४५ हजार, आणि ६० व्या वर्षी सुमारे ४८ लाख ४८ हजार. हे त्याच्या ३ कोटी ७६ लाखांच्या वरचे.

इथं थांबले असते तर मी त्यांची फसवणूक केली असती, म्हणून पेन खाली ठेवलं नाही. तीस वर्षांनंतरचे ४८ लाख म्हणजे आजचे ४८ लाख नव्हेत. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर आजच्या १ रुपयाचं काम करायला तेव्हा ५ रुपये ७४ पैसे लागतील. त्या हिशेबानं ते ४८ लाख आजच्या किमतीत साडेआठ लाखांहून थोडे कमी. अजून एक गोष्ट. वाढ महिन्याला १ टक्का मिळेलच असं कुणीही लिहून देत नाही. वार्षिक ८ टक्क्यांचा दर धरून, तसाच बारानं भागून, तोच हिशेब केला तर ४८ लाखांच्या जागी १६ लाख येतात, आजच्या किमतीत २ लाख ८० हजारांच्या आसपास. उशिराची किंमत दरावर इतकी हलते. १०,००० च्या मूळ उदाहरणातही १२ च्या दरानं ४६ टक्के रक्कम जाते, ८ च्या दरानं ३६ टक्के. ज्या साधनात वाढ कमी, तिथं उशीर कमी महागात पडतो. फक्त मोठ्या आकड्याचा कागद दाखवणाऱ्यानं हे लपवू नये, असं मला आता पक्कं वाटतं. मी स्वतःही तो कागद बरीच वर्षं या ओळींशिवाय दाखवत होते.

"म्हणजे २ लाख ८० हजार ते साडेआठ लाख, आजच्या पैशात," नवऱ्यानं स्वतःच सारांश केला. "आणि घालायचे १ लाख ८०."

"तेही पाच वर्षांत विखरून," बायको म्हणाली.

फॉर्म भरताना तारखेचा रकाना आला. त्यानं सवयीनं १ लिहिलं. पगार ५ तारखेला होतो, असं ती म्हणाली, आणि हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे नसले की तो हप्ता परत जातो. मी पाहिलेल्या अर्ध्या गुंतवणुका अशाच दोन-तीन परतलेल्या हप्त्यांनंतर बंद पडल्या आहेत. १ खोडून ७ केली. शेजारी सही केली. तिनं वहीच्या मागच्या पानावर तिसरी ओळ आकड्यांसकट उतरवून घेतली आणि खाली ३५ व्या वाढदिवसाची तारीख टाकून पुढे लिहिलं: २०,०००.